शिंप्याची परीक्षा उलट्या बाजूने

एखादा टेलर चांगला की वाईट, हे आपण बायका एका वाक्यात ठरवून टाकतो. ‘फिटिंग मस्त देतो हो’, की झाले! माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्याच खेपेला ब्लाऊज नेमका बसला तर आनंदच आहे. पण बसला नाही तर तो बसवता येईल अशी सोय शिंप्याने आत ठेवली आहे का, हे मी आधी पाहते. त्यासाठी ब्लाऊज घालून आरशापुढे उभे राहण्याआधी तो उलटा करावा लागतो.

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. ब्लाऊजच्या दोन बाजूंच्या दोन शिवणी, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा असे दोन भाग. प्रत्येक भागात एकेक इंच माया असेल, तर शिवण टिकायला अर्धा अर्धा इंच राखूनही एकूण दोन इंच घेर मोकळा करता येतो. माया पाव इंचच असेल, तर उसवायचे ते काय?

गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नासाठी मी दोन ब्लाऊज शिवायला टाकले. एक बोईसरच्या एका बुटिकमध्ये, दुसरा पालघरला एका जुन्या मास्तरांकडे. बोईसर-पालघरमध्ये उमरोळी हे एकच स्टेशन, त्यामुळे आम्हां बोईसरकरांना हे जड नाही. माप दोन्हीकडे तेच, छाती छत्तीस.

बुटिकने ठरल्या तारखेला ब्लाऊज दिला. इस्त्री केलेला, हँगरवर लावलेला, आतल्या कडा ओव्हरलॉक करून तासलेल्या. घातला तर हुकांच्या मधे फटी पडल्या आणि छातीवर आडव्या सुरकुत्या ओढल्या गेल्या. छाती कमी झाल्याची ही खूण. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, “आणा ताई, ढिला करून देते.” पण उलटा केला तर आत जेमतेम पाव इंच कापड. शेवटी बगलेत जोड द्यावा लागला आणि हात वर केला की तो दिसू लागला.

मास्तरांना दोन दिवस उशीर झाला, पण तसे त्यांनी आधीच फोन करून कळवले होते. त्यांचाही ब्लाऊज इंचभर घट्टच निघाला. मात्र बाजूला एकीशेजारी एक अशा तीन शिवणी होत्या. अंगाकडची पहिली शिवण त्यांनी उसवली, की लगेच पुढची कामाला आली. पंधरा मिनिटांत मी निघालेसुद्धा. म्हणून माझ्या हिशेबी मास्तर वरचढ. माझ्या लेखी दुरुस्ती करून मिळाली, की कपडा मिळाला.

यात बुटिकची बाजूही ऐकायला हवी. जॉर्जेटसारख्या झिरझिरीत कापडात जाड माया बाहेरून दिसते आणि बगलेत टोचते. शिवाय साडीचा ब्लाऊजपीस बहुधा ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास असतो; माप मोठे आणि बाही कोपरापर्यंत हवी, तर मायेला कापड कुठून आणायचे? मात्र हे कापड कापण्याआधी सांगायचे असते. “ताई, यात माया राहणार नाही, बाही आखूड करू का?” असे विचारणारा शिंपी मला भरवशाचा वाटतो.

मायेने सगळेच सावरते असेही नाही. खोल कापलेला गळा वर येत नाही. मुंढा खाली उतरला असेल तर बाजू उसवून उपयोग नाही. याची परीक्षा सोपी आहे. डहाणू लोकलमध्ये वरची कडी धरतो तसा हात वर करावा; ब्लाऊज कमरेवरून सगळाच वर सरकला, तर मुंढा खोल समजावा. रेशमी कापड उसवले की सुईची भोके तशीच दिसत राहतात, म्हणून पैठणीच्या ब्लाऊजची कच्ची शिवण घालून पाहण्याचा आग्रह धरावा. सुती अस्तर शिवण्याआधी भिजवले होते का, हेही विचारावे. नाही तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड चुण्या घेऊन बसते.

राहता राहिली तारीख. लग्न वीस तारखेला असेल, तर चिठ्ठीवर दहा तारीख लिहून घ्यावी. हे दहा दिवस उशिरासाठी नव्हेत, दुरुस्तीसाठी आहेत. आणि ऐन लग्नसराईत जो मास्तर “आता जमणार नाही” म्हणून कापड परत करतो, त्याच्यावर रागावू नये. पुढच्या वेळी सर्वांत आधी त्याच्याचकडे जावे.