मौन म्हणजे गोपनीयता नव्हे



आपल्या मॉरिशसमधील मुलांचे एस.सी. आणि एच.एस.सी.चे पेपर दरवर्षी केंब्रिजच्या परीक्षकांकडे तपासले जातात. कोणाचा पेपर कोणत्या परीक्षकाच्या हाती पडला हे आपणास कधी कळत नाही, आणि कोणी विचारीतही नाही. तरीसुद्धा परीक्षा संपली, तपासणी चालू आहे, निकाल अमक्या सुमारास लागेल, एवढे प्रत्येक आईबापास ठाऊक असते. त्या आधारावर घरची माणसे दिवस काढतात. तपासणी गुप्त असते, पण तपासणी कोठवर आली हे गुप्त नसते. इतकी साधी गोष्ट कामाच्या ठिकाणी तक्रार आली की आपण विसरतो, आणि त्याबद्दलच मला आज लिहावयाचे आहे.

शाळा असो, हॉटेल असो की सरकारी कचेरी असो, एखाद्याने वरिष्ठाविरुद्ध किंवा सहकाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली की पुष्कळदा पुढे आठवडेच्या आठवडे शांतता पसरते. विचारावयास गेले तर उत्तर ठरलेले असते : "चौकशी चालू आहे, प्रकरण गोपनीय आहे, काही सांगता येणार नाही." ताकास तूर लागू द्यावयाची नाही, यालाच आपले अधिकारी कर्तव्य समजतात. माझे मत असे आहे की यात गोपनीयतेपेक्षा सोयीचा भाग अधिक असतो. न सांगणे हे सांगण्यापेक्षा सोपे असते, एवढेच.

कामाच्या ठिकाणी होणारा छळ आणि हिंसा यांविषयी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 साली एक करार केला. तो 190 क्रमांकाचा करार म्हणून ओळखला जातो आणि आपल्या देशाने 2021 साली त्याला मान्यता दिली आहे. त्याच्या दहाव्या कलमात एक मार्मिक गोष्ट आहे. प्रकरणातील सर्व माणसांची गोपनीयता शक्य तितकी सांभाळावी असे ते कलम सांगते, आणि लगेच पुढे हेही सांगते की गोपनीयतेच्या नावाचा गैरवापर होऊ देऊ नये. म्हणजे गोपनीयता माणसांच्या रक्षणासाठी आहे, दिरंगाई झाकण्यासाठी नाही.

परंतु दुसऱ्या बाजूनेही चूक होते. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून तीच सांगते. काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. नाहीतर हा लेखच आपल्या उपदेशाला खोटा पाडील.

मी ज्या शाळेत होते तेथे एका तरुण शिक्षिकेने एका वरिष्ठ शिक्षकाविरुद्ध तक्रार दिली. तक्रारीत तीन गोष्टी होत्या : मुलांसमोर ओरडणे, रात्री अपरात्री फोनवर अपमानाचे संदेश पाठविणे, आणि तिचे तास मुद्दाम गैरसोयीचे लावणे. चौकशी दोघांकडे सोपविली गेली. तक्रारदाराला वेळोवेळी कळविण्याचे काम मात्र माझ्याकडे आले. मी चौकशीत नव्हते. हे चांगलेच झाले, कारण जो चौकशी करतो त्याच्या तोंडून नकळत अधिक निघते. मला फक्त टप्पे सांगितले जात, आणि जे मला ठाऊक नव्हते ते माझ्याकडून फुटण्याची भीती नव्हती.

पहिल्याच आठवड्यात तिला एक पत्र दिले. तक्रार कोणत्या तारखेला मिळाली, तिच्यात किती मुद्दे आहेत असे आम्ही समजतो, चौकशी कोण करणार, आणि पुढची खबर कोणत्या शुक्रवारी मिळणार, एवढे त्यात होते. "कोणाला काही कळणार नाही" असे वचन मात्र दिले नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप काय हे कळल्याशिवाय तो उत्तर कसे देणार? तक्रारीतला आवश्यक तेवढा भाग त्याला दाखवावा लागेल, हे तिला आधीच स्पष्ट सांगितले. जे पाळता येणार नाही असे वचन पुढे विश्वासघातासारखे वाटते.

चौथ्या आठवड्यात माझी चूक झाली. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी ती हळूच म्हणाली, "ताई, साक्षीदारांशी बोलणं झालं का हो?" तिचा उतरलेला चेहरा पाहून मी म्हटले, "तिघांचं झालंय, एकच राहिलंय. काळजी करू नकोस." मी नाव घेतले नव्हते. पण व्हरांड्यातल्या त्या प्रसंगी चारच माणसे हजर होती, आणि त्यांपैकी एकजण सुटी घेऊन रेयुनियॉंला गेलेला होता. तिने लगेच ताडले. त्याच रात्री तिने त्याला फोन केला, केवळ "खरं ते सांग" एवढे म्हणावयास. परंतु पुढे त्या साक्षीदाराने चौकशीत प्रामाणिकपणे सांगितले की तिचा फोन आला होता. मग समोरच्या बाजूने म्हटले, साक्षीदार पढविलेला आहे. त्याच्या सांगण्याचे वजन कमी झाले. नुकसान तिचेच झाले, आणि ते माझ्या दयाळूपणामुळे झाले.

त्या दिवशी मला समजले की गुपित नेहमी नावाने फुटत नाही. आपले बेट लहान, स्टाफरूम त्याहून लहान. आकडा, सुटी, तारीख, जागा अशा दोन निरुपद्रवी गोष्टी एकत्र आल्या की तिसरी आपोआप उघडी पडते. "एक साक्षीदार परदेशी आहे म्हणून उशीर होतो आहे" असे उशिराचे कारण सांगणे म्हणजे नाव सांगण्यासारखेच आहे. "सगळं तुझ्या बाजूनं दिसतंय" हा धीरही तसाच धोक्याचा. निकालाआधी निकाल सांगितल्यासारखा. अगदी चेहऱ्यावरचे हसूसुद्धा खबर देते.

म्हणून त्यानंतर मी एक साधी कसोटी धरली. कळवावयाची गोष्ट कामाच्या टप्प्याविषयी आहे, की कोणा माणसाविषयी आहे? टप्पा सांगावा, माणूस सांगू नये. आणि टप्प्यावरून माणूस ओळखता येत असेल तर तो टप्पाही मोघम शब्दांत सांगावा. स्टाफरूममध्ये तोंडी उत्तर देणे मी बंदच केले. दर दुसऱ्या शुक्रवारी तिला चार ओळींची चिठ्ठी जाई, आणि तिची प्रत मी जपून ठेवी. सहाव्या आठवड्याची चिठ्ठी साधारण अशी होती :

"आपल्या तक्रारीची चौकशी चालू आहे. माहिती गोळा करण्याचा टप्पा अजून संपलेला नाही. तो अपेक्षेपेक्षा लांबला आहे, याबद्दल दिलगीर आहोत. या आठवड्यात आपणाकडून काही नको आहे. आपल्या तासांची तात्पुरती व्यवस्था आहे तशीच राहील. आपणास कोणी त्रास दिल्यास किंवा तक्रार मागे घ्या म्हणून सुचविल्यास त्याच दिवशी मला कळवावे. पुढील खबर दोन आठवड्यांनी शुक्रवारी मिळेल, नवे काही नसले तरी."

शेवटचे चार शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. नवे काही नसताना लिहिणे व्यर्थ आहे असे अधिकाऱ्यांना वाटते. पण वाट पाहणाऱ्याला शांततेचे हजार अर्थ लागतात : तक्रार दडपली, सर्व एकमेकांना सामील झाले, उद्या माझीच बदली होणार. ठरलेल्या दिवशी आलेली "अजून चालू आहे" एवढी ओळही या भुतांना दूर ठेवते. उलट ठरलेला शुक्रवार एकदा जरी चुकला, तरी आधीच्या सर्व चिठ्ठ्यांवरचा विश्वास उडतो. म्हणून पाळता येईल एवढेच अंतर ठरवावे. आठवड्याचे वचन देऊन महिन्याने लिहिण्यापेक्षा दोन आठवड्यांचे वचन पाळलेले बरे.

तिच्यावर आम्ही एकच बंधन घातले : साक्षीदारांशी या प्रसंगाबद्दल बोलू नये, आणि कारणही सांगितले. घरच्यांशी, युनियनशी किंवा वकिलाशी बोलू नये असे मात्र म्हटले नाही. जे तिच्यावर गुदरले ते तिचे स्वतःचे आहे. "कुठे वाच्यता करू नका" असे तक्रारदाराला बजावणे हा गोपनीयतेचा तोच गैरवापर होय, ज्याविरुद्ध तो करार आपणास सावध करतो.

नवव्या आठवड्यात चौकशी संपली. तीन मुद्द्यांपैकी दोन सिद्ध झाले, तिसरा पुराव्याअभावी सिद्ध झाला नाही, असे तिला लेखी कळविले. तिच्या रोजच्या कामावर ज्या गोष्टींचा परिणाम होणार होता त्याही सांगितल्या : यापुढे तिचे वेळापत्रक दुसरी व्यक्ती पाहील, आणि कामाचे संदेश शाळेच्या वेळेतच येतील. निर्णय मान्य नसेल तर कोणाकडे आणि किती दिवसांत दाद मागावी हेही लिहिले.

तिने विचारले, "ताई, त्यांना शिक्षा काय झाली?"

मी म्हटले, "योग्य ती कारवाई झाली आहे. काय झाली ते मला सांगता येणार नाही. तुझ्याविरुद्ध कोणी तक्रार केली असती, तर तुझी कागदपत्रंही मी कोणाला दाखवली नसती."

हे केवळ सौजन्य नव्हे. आपल्या 2017 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याप्रमाणे एखाद्या कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती मालकाला वाटेल तशी वाटता येत नाही, आणि शिस्तभंगाची नोंद ही त्या माणसाची वैयक्तिक माहितीच असते. तिचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. न्याय झाला हे डोळ्यांनी पाहावे असे कोणाला वाटत नाही? परंतु ती शाळेत राहिली, आणि आजही शिकवते आहे.

काही वाचक म्हणतील की इतके कळवीत बसलो तर एखाद्या दिवशी काहीतरी फुटणारच, त्यापेक्षा मौन बरे. माझ्या चुकीवरून त्यांना हे म्हणण्याचा अधिकार आहे. पण ती चूक कोठे झाली ते पाहावे. ती ठरलेल्या चिठ्ठीत झाली नाही, चहाच्या कपावर झाली. आणि तो प्रश्न तरी तिने तेथे का विचारला? आधीच्या शुक्रवारची चिठ्ठी मी कामाच्या गडबडीत लिहिलीच नव्हती. ज्याला ठरलेल्या वेळी चार ओळी मिळत नाहीत, तो व्हरांड्यात, बसमध्ये, लग्नघरात विचारीत फिरतो, आणि कोणीतरी दयाळू माणूस त्याला नको ते सांगून बसतो.

— एक शिक्षिका