हप्त्याआधीचा हप्ता

घराच्या डाऊन पेमेंटसाठी पैसे साठवायला निघालेली बहुतेक जोडपी पहिल्याच आकड्यात चुकतात. आज पंचावन्न लाखांना मिळणारं घर मनात धरायचं, त्याचे वीस टक्के म्हणजे अकरा लाख काढायचे, त्याला साठ महिन्यांनी भागायचं आणि महिन्याला अठरा हजारांवर समाधान मानायचं, अशी ही रीत. यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे घर आज घ्यायचं नसून पाच वर्षांनी घ्यायचं आहे. मोशी, रावेत किंवा वाघोलीसारख्या पुण्याच्या कडेच्या भागात आज पंचावन्न लाखांना असलेला टू बीएचके, भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले असं धरलं, तर तेव्हा सत्तर लाखांवर गेलेला असेल. दुसरी गोष्ट अशी की बँक ज्या किमतीवर कर्ज देते तिच्यात सरकारी खर्च मोजत नाही. तीस लाखांच्या वर ते 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे 70 लाखांत चौदा लाख आपले. त्यावर पुण्यातलं सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे चार लाख नव्वद हजार, नोंदणीचे तीस हजार, आणि कर्जाची फी, वकील, सोसायटीची अनामत, आगाऊ देखभाल शुल्क, राहायला जाण्यापुरतं सुतारकाम असे मिळून पावणेदोन-दोन लाख. बेरीज एकवीस लाखांच्या घरात जाते. घर तयार नसेल, बांधकाम चालू असेल, तर पाच टक्के जीएसटीचे आणखी साडेतीन लाख. म्हणून वीस टक्क्यांचा हिशोब सोडून तीस टक्के धरावेत आणि पाच वर्षांनंतरच्या किमतीवर धरावेत. हा आकडा ऐकून धास्ती वाटते हे खरं, पण ती आज वाटलेली बरी. करारनाम्याच्या आठवड्यात वाटली तर पदरी हातउसने आणि सोनेतारण येतं.

आता हे एकवीस लाख दर महिन्याच्या पगारातून कसे काढायचे? माझं म्हणणं असं आहे की हा आकडा बचतीच्या कप्प्यातून काढायचाच नाही, घराच्या कप्प्यातून काढायचा. आज भाडं आणि डाऊन पेमेंटची बचत मिळून जी रक्कम होते, तिने पाचव्या वर्षापर्यंत उद्याच्या हप्त्याची बरोबरी केली पाहिजे, जमलं तर थोडं पुढंच गेलं पाहिजे. उदाहरण म्हणून दोघांच्या हातात मिळून एक लाख रुपये पडणारं, पुण्यात अठरा हजार भाडं भरणारं जोडपं घेऊ. पहिल्या वर्षी त्यांनी महिन्याला 25 हजार बाजूला टाकले आणि दरवर्षी पगार वाढला की ही रक्कम दहा टक्क्यांनी वाढवली, तर पाचव्या वर्षी ती सुमारे 36,600 होते. सहा टक्के व्याजाने हे सगळं पाच वर्षांनी एकवीस लाखांवर पोचतं. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढून तोपर्यंत बावीस हजारांच्या जवळ गेलेलं असतं. म्हणजे पाचव्या वर्षी घरापायी महिन्याला साडेअठ्ठावन्न हजार जाताहेत. आणि उद्याचा हप्ता किती? छप्पन्न लाखांच्या कर्जाचा, साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांचा हप्ता सुमारे 48,600 येतो. सोसायटीचं देखभाल शुल्क आणि मिळकत कर धरून त्रेपन्न हजार. जे जोडपं वर्षभर साडेअठ्ठावन्न हजार घरापायी काढून उरलेल्यात सुखाने जगलं, त्याला हप्त्याची भीती बाळगायचं कारण नाही. ज्याला हे जमलं नाही, त्याला बँकेने कर्ज मंजूर केलं तरी ते घर झेपणारं नाही.

एक लाखातून भाडं आणि घराचा निधी गेल्यावर 57 हजार उरतात. ते कसे लावायचे यात प्रत्येक घराचं गणित वेगळं असणार, पण एक नमुना मांडतो. किराणा, भाजी, दूध, गॅस यांना चौदा हजार; वीज, मोबाइल, इंटरनेट साडेतीन; पेट्रोल आणि बस सहा; गावी आईवडिलांना आठ; मुदत विमा आणि आरोग्य विमा तीन; निवृत्तीसाठीची एसआयपी पाच; दोघांना प्रत्येकी तीन हजार हातखर्च, ज्याचा एकमेकांना हिशोब द्यायचा नाही; कपडे, हॉटेल, औषधं यांना साडेपाच. उरतात सहा हजार, आणि माझ्या मते सगळी योजना या सहा हजारांवर उभी राहते किंवा कोसळते. दिवाळी, लग्नकार्याचे आहेर, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, मे महिन्यातला प्रवास, गणपतीला गावी जाणं हे खर्च दर महिन्याच्या यादीत नसतात, पण दरवर्षी ठरल्या वेळी येतात. त्यांना अचानक आलेला खर्च म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. महिन्याला सहा हजार वेगळ्या खात्यात टाकले की वर्षाचे 72 हजार होतात आणि दिवाळीत घराच्या निधीला हात लागत नाही. हा कप्पा नसेल तर काय होतं? आरडी वेळेवर कापली जाते, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि तूट मात्र क्रेडिट कार्डावर साचते. आरडीवर वर्षाला सहा टक्के मिळतात, आणि थकलेल्या कार्डावर महिन्यालाच तीन-साडेतीन टक्के द्यावे लागतात. म्हणून दर तिमाहीला एकच तपासणी करा: निधी किती वाढला यातून कार्डाची थकबाकी किती वाढली ते वजा करा. खरी बचत तेवढीच. तीन महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी, म्हणजे साधारण पावणेदोन लाखांची शिल्लक या निधीच्या बाहेर आधीच असायला हवी. ती नसेल तर पहिले सात महिने तिलाच द्या आणि घर तेवढ्या महिन्यांनी पुढे ढकला.

पैसे कोणाच्या खात्यात साठवायचे, याबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जात नाही, ते बोलायला हवं. एकाचा पगार 58 हजार आणि दुसऱ्याचा 42 हजार असेल तर वाटा त्याच प्रमाणात असावा, साडेचौदा आणि साडेदहा हजार, आणि प्रत्येकाचे पैसे त्याच्या-तिच्या स्वतःच्या नावाच्या आरडीत जावेत, पगारानंतर दुसऱ्याच दिवशी. यात हिशोबाच्या स्पष्टतेबरोबर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच रक्कम मिळते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढू देत होते. दोघांनी दोन-दोन बँकांत पैसे विभागले तर जवळजवळ सगळा निधी विम्याच्या छत्राखाली येतो. अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजासाठी सगळे पैसे एकाच पतसंस्थेत ठेवू नयेत. जाता जाता आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे सत्तर हजार. पती-पत्नींच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. ती घ्यायची की दोघांचं नाव लावायचं, हे करारनाम्याच्या दिवशी नव्हे, आजच ठरवावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आरडीत सहा टक्के कशाला, शेअर बाजारात बारा टक्के मिळतात. मिळतात, असं धरू. तेवढ्याच हप्त्यांचे बारा टक्क्यांनी साडेचोवीस लाखांच्या आसपास होतील, म्हणजे सव्वातीन लाख जास्त. आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी 2020 मध्ये 42 हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांच्या खाली बंद झाला. करारनाम्याची तारीख त्या मार्चमध्ये पडली असती तर साडेचोवीस लाखांचे पंधरा लाख राहिले असते आणि घर हातचं गेलं असतं. बाजार त्याच वर्षी सावरला हे खरं, पण बिल्डर किंवा घरमालक नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. निवृत्तीच्या पैशाला थांबायला वेळ असतो, म्हणून पाच हजारांची एसआयपी बाजारातच राहू द्या. घराच्या निधीला तारीख असते. फार तर पहिल्या दोन वर्षांचा थोडा भाग इंडेक्स फंडात ठेवा आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो काढून घ्या.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे. भाव वाढतच जाणार, मग डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढून आजच घर का घेऊ नये? करून पाहू. आज पंचावन्न लाखांच्या घराला स्वतःचे साडेसोळा लाख लागतात. ते बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी उचलले तर हप्ता 36,700, आणि चव्वेचाळीस लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता 38,200. एक लाखातून पंचाहत्तर हजार हप्त्यांत जातात. बँक पात्रता ठरवताना चालू कर्जाचे हप्तेही मोजते, त्यामुळे हे गणित बहुधा तिच्याच दारात अडतं, आणि अडतं ते बरंच होतं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळता येत नाही. तिशीच्या आसपासच्या जोडप्याच्या पाच वर्षांत मूल येण्याची शक्यता असते. कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळत असली, तरी खर्च रजा संपल्यावर वाढतो. पाळणाघर, दवाखाना, मोठी खोली. त्या वर्षी निधी बंद करण्याची गरज नाही, फक्त वाढ थांबवावी. तिसऱ्या वर्षी रक्कम न वाढवता साडेसत्तावीस हजारच ठेवली आणि पुढे तिथून वाढवत नेली, तर पाच वर्षांनी सव्वा लाख कमी पडतात, म्हणजे घर तीन-चार महिने लांबतं. एवढा उशीर सहज सोसता येतो.

पहिल्या सहा महिन्यांत 25 हजार निघत नाहीत असं दिसलं, तर कर्जाची मुदत वीसवरून तीस वर्षं करू असा विचार करू नका आणि निधीही अर्ध्यावर आणू नका. घर बदला. आजच्या किमतीत पाच लाख कमी केले की पहिल्या वर्षाची महिन्याची रक्कम सुमारे सव्वादोन हजारांनी कमी होते.