अठरा पूर्ण झाले, पण यादीत नाव आहे का? बेटेगावच्या भाड्याच्या खोल्यांतून पहिल्या मतदानाचा हिशेब

बेटेगावात आम्ही तरुणांशी मतदार नोंदणीबद्दल बोलायला बसलो की, पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "माझे अठरा पूर्ण झालेत, आधार कार्ड आहे, मग मतदान करता येईलच की." वाक्य साधे आहे, आणि बरेचसे मतदान इथेच हुकते. वय हा हक्काचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे यादीतले नाव. ते आपोआप येत नाही, अर्ज करून आणावे लागते.

आधी तारखेचे पाहू. अठरा वर्षे मतदानाच्या दिवशी पूर्ण असून भागत नाही, ती 'अर्हता दिनांका'ला पूर्ण असावी लागतात. पूर्वी असा एकच दिवस होता, १ जानेवारी. फेब्रुवारीत अठरा पूर्ण झालेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले. सतरा पूर्ण झाल्यावर पुढच्या अर्हता दिनांकासाठी आगाऊ अर्जही करता येतो. ही सोय चांगली आहे, पण आमच्या वस्त्यांत ती फार थोड्यांना माहीत आहे.

२०२४ ची विधानसभा निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून दोन मैत्रिणींचा हिशेब करू. समजा, एकीचा जन्म १४ ऑगस्ट २००६ चा आणि दुसरीचा ५ ऑक्टोबर २००६ चा. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होते. त्या दिवशी दोघीही अठरा वर्षांच्या वर होत्या. पण लागू असलेला अर्हता दिनांक होता १ ऑक्टोबर २०२४. पहिलीचे अठरा त्याआधी पूर्ण झाले होते, दुसरीचे चार दिवसांनी हुकले. दुसरीचा क्रमांक थेट १ जानेवारी २०२५ ला. यात कोणी अन्याय केला असे नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मात्र पहिलीचे काम होण्यासारखे होते, आणि तेही सहज बिघडू शकत होते. कसे ते पाहा.

निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर. कायद्याप्रमाणे ही तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घालता येत नाही. त्यातच अर्ज आला की लगेच नाव लागत नाही. आलेल्या अर्जांची यादी लावून सात दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात, पडताळणी व्हावी लागते. म्हणून उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंतचे अर्जच धरले जातात. त्या वेळी ती तारीख १९ ऑक्टोबर होती. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्याची बातमी ऐकून जागा होणाऱ्याच्या हातात चार दिवस होते. बोईसरला दोन शिफ्ट आणि एक ओव्हरटाइम झाला की चार दिवस संपतात.

स्थानिक निवडणुकांत तर रेघ आणखी मागे असते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद यांसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या दिवशी आहे तशी घेतो आणि प्रभागांत विभागतो. २ डिसेंबर २०२५ ला राज्यात नगर परिषदा आणि नगर पंचायतींचे मतदान झाले, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. ऑगस्टमध्ये ज्यांचे नाव लागले, त्यांचे नाव विधानसभेच्या यादीत होते, हातात मतदार ओळखपत्रही होते, पण त्या निवडणुकीत मत नव्हते. केंद्रावर जाऊन भांडून उपयोग नसतो, कारण तिथल्या कर्मचाऱ्याकडे असते ती छापील यादी.

आता बेटेगावचा खरा प्रश्न : नाव लावायचे कुठे? तारापूर एमआयडीसीच्या आधाराने या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या समाजातल्या अनेक मुलांचे घर बुलढाणा, अकोला, जळगाव, नांदेड अशा जिल्ह्यांत आहे. इथे चाळीत एका खोलीत चार-पाच जण राहतात. आधारवर गावचा पत्ता, भाडेकरार नाही, लाइट बिल घरमालकाच्या नावाने. मग मुले म्हणतात, "आमचे इथे काहीच नाही."

कायदा मालकी विचारत नाही, 'सर्वसाधारण रहिवास' विचारतो. गावाकडे घर किंवा शेत आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही दिवस बाहेर गेला म्हणून रहिवास तुटतही नाही. बाहेरगावी शिकणारा विद्यार्थी घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडू शकतो. कामगाराने स्वतःला विचारावे, मी खरोखर राहतो कुठे? दोन वर्षे बेटेगावात आहे, इथेच राहणार आहे, तर इथे नाव लावणे योग्य. हंगामापुरता आलाय, चार महिन्यांनी परत जाणार, तर गावचेच नाव ठेवावे. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे. खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "गावाकडचे असू दे, सरपंचाच्या निवडणुकीला लागते" असे सांगणारे नातेवाईक आम्हाला नेहमी भेटतात. त्यांचे ऐकू नका.

म्हणून अर्ज भरण्याआधी गावाकडे आपले नाव कोणी लावून ठेवले आहे का ते विचारा. शाळेत किंवा शिबिरात कधीतरी अर्ज भरलेला असतो आणि मुलाला आठवतही नाही. voters.eci.gov.in वर Search in Electoral Roll मध्ये नाव आणि जन्मतारीख टाकून शोधता येते. नाव कुठेच नसेल तर नमुना ६. नाव गावाकडे असेल आणि इथे आणायचे असेल तर नमुना ८, पुन्हा नमुना ६ नाही. लग्न होऊन बेटेगावात आलेल्या मुलींनाही हेच लागू : माहेरी नाव असेल तर नमुना ८, नसेल तर नमुना ६.

पत्त्याच्या पुराव्यासाठी नमुना ६ मध्ये आधार, बँक किंवा पोस्टाचे चालू पासबुक, पाणी-वीज-गॅसचे बिल, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार अशी यादी आहे. खोलीत राहणाऱ्यांसाठी त्यातला सर्वांत सोपा मार्ग बँकेचा आहे. पगार ज्या खात्यात येतो, त्या खात्यावर बेटेगावचा पत्ता नोंदवून घ्या आणि पासबुक नव्याने छापून घ्या. यातले काहीच नसेल तरी अर्ज थांबत नाही. दुसरा एखादा कागद जोडता येतो, मात्र मग बीएलओने प्रत्यक्ष येऊन पाहणे आवश्यक ठरते. ज्याला घरच नाही त्याच्यासाठीही तरतूद आहे : अर्जात दिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे बीएलओने रात्री येऊन पाहायचे असते.

बीएलओची भेट, हीच आमच्या अनुभवात सर्वांत कच्ची जागा. बीएलओ बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि आपले काम सांभाळून दिवसा येतात. मुलगा फर्स्ट शिफ्टला, खोलीला कुलूप, शेजारी म्हणतो, "इथे खूप जण राहतात, नाव माहीत नाही." अर्ज नामंजूर. गेल्या काही काळात आम्ही भरून दिलेल्या अर्जांपैकी काही याच कारणाने परत आले. पहिल्यांदा दोष बीएलओचा वाटला. नंतर कळले, आम्हीच पत्त्यात नुसते 'बेटेगाव, बोईसर' लिहिले होते. चाळीचे नाव नाही, खोली क्रमांक नाही, जवळची खूण नाही. आता आम्ही हे तिन्ही लिहितो, चालू असलेला मोबाइल नंबर देतो, आणि घरमालकाच्या घरात व शेजारच्या खोलीत आधी सांगून ठेवतो.

अर्ज ऑनलाइन भरताना मराठी नाव आपोआप तयार होते, तेही नीट वाचा. 'कांबळे'चे 'कांबले' आणि 'साळवे'चे 'साल्वे' झालेले आम्ही पाहिले आहे. नंतर दुरुस्तीसाठी वेगळा नमुना ८ भरण्यापेक्षा तिथेच दुरुस्त करणे सोपे. अर्ज पाठवल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक फोटो काढून ठेवा. त्यावर Track Application Status मध्ये अर्ज कुठे आहे ते दिसते. पंधरा-वीस दिवस तो एकाच टप्प्यावर थांबला असेल तर तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जा किंवा १९५० ला फोन करा. नामंजूर झाला तर कारण मागा. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण कारण पत्ता न सापडणे एवढेच असेल तर नीट पत्त्यासह नवा अर्ज करणे लवकर होते.

मतदारसंघाचा रकाना भरतानाही घाई नको. पालघर तालुका एका मतदारसंघात नाही, तो पालघर आणि बोईसर असा विभागला आहे. त्याच चाळीत राहणाऱ्या जुन्या मतदाराच्या यादीतली नोंद पाहा आणि तोच मतदारसंघ निवडा. इथे एक गैरसमजही निस्तरावा लागतो. पालघर, बोईसर, डहाणू, विक्रमगड या जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. एका मुलाने आम्हाला विचारले, "मग आपल्याला तिथे मत आहे का?" आहे. राखीव असतो तो उमेदवार. मत यादीतल्या प्रत्येकाचे सारखेच. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेब बोलले तेव्हा मताला मालमत्ता आणि कराची अट होती, आणि आपल्या माणसांपैकी जवळजवळ कोणीच त्यात बसत नव्हते. आज भाड्याच्या खोलीतल्या मुलाला कोणी सातबारा मागत नाही.

मतदानाच्या दिवसाबद्दल दोनच गोष्टी. यादीत नाव आहे पण मतदार ओळखपत्र आले नाही, तर आधार, पॅन, वाहन परवाना किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक चालते. कंत्राटदाराने दिलेला गेटपास चालत नाही, आणि घरी येणारी मतदार चिठ्ठीही एकटी पुरत नाही. दुसरी गोष्ट सुट्टीची. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कारखान्यातल्या कामगाराला, रोजंदारीवरच्यालाही, पगारी सुट्टी देण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. मत कारखान्याच्या मतदारसंघात नसून दुसरीकडे असेल तरीही. जिथे माणूस नसल्याने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामाला अपवाद आहे, आणि सलग चालणाऱ्या केमिकल प्लांटमध्ये हा अपवाद पुढे केला जातो. तिथे सुट्टीऐवजी दोन-तीन तासांची सवलत मिळू शकते, पण ती आधी मागावी लागते. चार जणांनी मिळून सुपरवायझरकडे आठवडाभर आधी लेखी मागितली तर शिफ्टची अदलाबदल होते, सकाळी गेटवर मागितली तर होत नाही.

मत कोणाला द्यायचे हे आम्ही सांगत नाही आणि विचारतही नाही. विहारात किंवा चाळीत बसून अर्ज भरताना कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता मदतीला आला तर आम्ही त्याला अर्ज वाचून दाखवायला बसवतो, पण मूळ कागद आणि ओटीपी मुलाच्याच हातात ठेवतो.

येणारा अर्हता दिनांक कोणता ते आजच पाहा, आणि खोलीतल्या चौघांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा. ज्याचे सतरा पूर्ण आहेत त्याचाही अर्ज त्याच बैठकीत भरून होतो.