राजघाटावरची चुकामूक



"पाच ते सहाच्या दरम्यान राजघाटावर ये, भेटू." आपल्या बऱ्हाणपुरात असा वायदा पुष्कळ होतो. नेमकी वेळ कोणी ठरवत नाही. समजा, दोघे मित्र या तासात केव्हाही येतात, आणि आलेला माणूस तापीकडे बघत १५ मिनिटे थांबून निघून जातो. दोघांजवळही मोबाइल नाही. तर भेट होण्याचा संभव किती?

पटकन दोन उत्तरे सुचतात. साठातली पंधरा मिनिटे, म्हणजे पाव. किंवा मित्र माझ्या आधी १५ मिनिटे आला काय आणि नंतर आला काय, भेट होणारच, म्हणून साठातली तीस, म्हणजे अर्धी. दुसरे उत्तर बरेच जवळचे आहे, पण मी बरोबर पाचला पोहोचलो तर माझ्या "आधीची" १५ मिनिटे मुळी नसतातच. तासाच्या दोन्ही टोकांना संधी कमी होते. ती किती कमी होते, हे बेरीज-वजाबाकीने पकडणे अवघड, पण चित्र काढले की सोपे.

आलेखाच्या कागदावर ६० घरे लांब आणि ६० घरे उंच असा चौरस काढा. आडव्या बाजूवर माझी येण्याची मिनिटे, उभ्या बाजूवर मित्राची. मी ५.२० ला आलो आणि तो ५.३० ला, तर २० घरे आडवे आणि ३० घरे वर जाऊन एक ठिपका द्यायचा. अशी प्रत्येक संध्याकाळ म्हणजे या चौरसातला एक ठिपका. एकूण घरे ३६००.

आता डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण काढा. कर्णावर दोघे एकाच क्षणी येतात. कर्णाच्या दोन्ही बाजूंना, जिथवर दोघांच्या वेळेत १५ मिनिटांपर्यंत फरक आहे, तिथवरचा पट्टा रंगवा. ठिपका पट्ट्यात पडला की भेट, बाहेर पडला की चुकामूक. ५.२० आणि ५.३० चा ठिपका पट्ट्यात येतो, ५.२० आणि ५.३८ चा बाहेर.

पट्ट्याबाहेर दोन कोपऱ्यांत दोन त्रिकोण उरतात, प्रत्येकाच्या काटकोनाच्या बाजू ४५ घरांच्या. ते एकमेकांना जोडले की ४५ गुणिले ४५ चा चौरस होतो, म्हणजे २०२५ घरे. ३६०० मधून ती वजा केली की पट्टा उरतो १५७५ घरांचा. भागून पाहा: सोळात सात, जवळजवळ ४४ टक्के. संभव असा आकृतीवरून मोजण्याची रीत जुनी आहे. फ्रान्सच्या ब्यूफाँने १७७७ मध्ये, फळ्यांच्या जमिनीवर टाकलेली सुई फटीवर पडेल का, हे याच वाटेने सोडवले होते.

हा हिशेब मला उपयोगी पडला तो एका रुसव्यात. लागोपाठ चार संध्याकाळी माझी आणि माझ्या एका जुन्या मित्राची गाठ पडली नाही. "तू मला टाळतोस," असे तो म्हणाला. एका दिवशी चुकण्याचा संभव सोळात नऊ. तो चार वेळा गुणला की साधारण दहात एक येतो. म्हणजे मनात काही नसतानाही असे अधूनमधून घडणारच. कागद पाहून तो हसला आणि म्हणाला, "मग तू वीस मिनिटे थांबत जा, मी दहा थांबतो." त्याने काय होते? एक त्रिकोण ४० चा, दुसरा ५० चा, मिळून २०५० घरे. पट्टा २५ घरांनी घटतो. मी अर्धा तास थांबलो आणि तो मुळीच थांबला नाही, तर संभव साडेसदतीस टक्क्यांवर येतो. धीर दोघांनी सारखा वाटून घेण्यातच फायदा.

एक अट मात्र विसरू नका. दोघांच्या वेळा खरोखर मोकळ्या आणि एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दोघे एकाच बसने येत असतील तर ठिपके कर्णाजवळ गर्दी करतात आणि भेट जास्त वेळा होते. मी नेहमी पाचच्या सुमारास आणि तो नेहमी सहाच्या सुमारास येत असेल, तर ठिपके एका कोपऱ्यात साचतात आणि भेट जवळजवळ होतच नाही. महिनाभर वेळा टिपून ठिपके दिले की हे डोळ्यांना दिसते. ठिपके सगळीकडे सारखे विखुरले असतील, तरच क्षेत्रफळाचे उत्तर लागू पडते.

आणि भेट वाढवायची असेल, तर वायदा आखडा. तासाऐवजी "साडेपाच ते सहा" ठरवा, थांबणे तेच १५ मिनिटे. चौरस ३० चा होतो, ९०० घरांचा. दोन त्रिकोण मिळून २२५ घरे, म्हणजे चुकण्याचा संभव फक्त पाव आणि भेटीचा पाऊण. पूर्ण तास ठेवून इतकेच साधायचे, तर दोघांनाही अर्धा-अर्धा तास घाटावर बसावे लागेल.