आजीच्या पाचवारीची छोटी गोधडी

आजी किंवा आजोबा गेले की भेटायला येणारी माणसं घरातल्या लहान मुलासाठी काहीतरी हातात घेऊन येतात. चॉकलेटं, बाहुली, रंगीत खडूंचा मोठा संच. आणतात ते मायेनंच. मूल ते घेतं, तासभर खेळतं, आणि रात्री अंथरुणावर पडलं की पुन्हा आजीच्या रिकाम्या जागेकडे बघतं. नव्या बाहुलीला आजीचा वास नसतो, हात नसतो, तिची एकही गोष्ट ठाऊक नसते. म्हणून अशा मुलाला काही द्यायचंच असेल तर ते गेलेल्या माणसाच्याच वस्तूतून, आणि मुलाचा हात लागून तयार झालेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

माझी मामेबहीण या चैत्रात सांगलीत वारली. हृदय बरेच दिवस थकलेलं होतं. तिची सहा वर्षांची नात, तिला इथे छकुली म्हणते, बाळपणापासून आजीजवळ झोपायची. तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले, मी मात्र तिथेच राहिले, आणि त्या दिवसांत छकुलीचे प्रश्न बहुतेक माझ्याच वाट्याला आले.

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाटतं, मेलेलं माणूस काही दिवसांनी परत येईल. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला बरंचसं कळलेलं असतं. सहाव्या वर्षी मूल या दोन्हींच्या मध्ये उभं असतं. आजी परत येणार नाही, हे त्याला समजू लागलेलं असतं, पण शरीर थांबलं म्हणजे नेमकं काय काय थांबलं, हे उलगडलेलं नसतं. छकुली विचारायची, ‘आजीला आता भूक लागत असेल का? तिला चटका नाही का बसला?’ मोठ्यांना असे प्रश्न ऐकवत नाहीत, ते विषय बदलतात. पण मुलाला हवं असतं साधं, खरं उत्तर. ‘आजीचं हृदय खूप आजारी होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, तरी ते थांबलं. हृदय थांबलं की शरीराला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही.’ हे तिच्या आईनं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आल्यावर पुन्हा त्याच शब्दांत सांगितलं. सहा वर्षांचं मूल एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारतं ते उत्तर बदलत तर नाही ना, हे तपासायला.

‘देवाघरी गेली’ म्हणणाऱ्या घरात ते जरूर म्हणावं, ती आपली श्रद्धा आहे. त्याच्या जोडीला शरीराची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर मूल देवाघरून परत यायची तारीख विचारतं. ‘आजी शांत झोपली’ हे मात्र सांगू नये. शेजारच्या एका बाईंनी तसं सांगितलं आणि त्या रात्री छकुली डोळे मिटायला तयार होईना. मुलांना हे सरळ सांगता येतं, याचं एक उदाहरण आठवतं. अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात मिस्टर हूपर हे दुकानदार आजोबा होते. ते काम करणारे नट विल ली 1982 मध्ये वारले. दुसरा नट आणणं सोपं होतं, पण कार्यक्रम करणाऱ्यांनी 24 नोव्हेंबर 1983 च्या भागात मुलांना सरळ सांगितलं की मिस्टर हूपर मरण पावले आणि ते परत येणार नाहीत. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी त्यांच्यासाठी काढलेलं चित्र घेऊन येतो आणि तेव्हा तिथली मोठी माणसं त्याला हे समजावतात. प्रेक्षक होते आपल्या छकुलीच्या आसपासच्याच वयाचे.

छकुलीचा सगळ्यात जड प्रश्न मात्र बऱ्याच उशिरा आला, तोही खेळता खेळता, माझ्याकडे न बघता. ‘मी आजीचा चष्मा लपवला होता. म्हणून ती आजारी पडली का?’ या वयात मुलाला वाटतं की आपण रागावलो, खोडी केली, मनात वाईट आणलं, त्यामुळेच हे घडलं. बहुतेक मुलं हे बोलूनही दाखवत नाहीत. म्हणून विचारायची वाट न बघता आपणच सांगून टाकावं की कुणाच्या खोडीमुळे, रागामुळे, बोलण्यामुळे कुणी मरत नाही. मी तिला तेच सांगितलं, आणि आजी चष्मा सापडल्यावर हसली होती, याचीही आठवण करून दिली. तिनं मान हलवली आणि बाहुलीचे केस विंचरत बसली.

हे विंचरत बसणंही समजून घ्यायला हवं. या वयाचं मूल दु:खात सलग राहू शकत नाही. घटकाभर रडतं आणि लगेच लंगडी खेळायला पळतं. ‘लहान आहे, विसरली’ असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही की संध्याकाळी तिचं पोट दुखतं, मध्येच बोबडं बोलणं सुरू होतं, कधीतरी गादी ओली होते. यावर रागावू नये. काही आठवड्यांत हे हळूहळू कमी होतं.

अशा मुलाला बसवून ‘तुला काय वाटतंय ते सांग’ म्हटलं तर ते गप्प राहतं. हाताला काम दिलं की ते बोलतं. छकुलीच्या आईनं एका दुपारी बेसन भाजायला घेतलं, कारण आजी दर सुट्टीत लाडू करायची. छकुलीला वेलदोडे सोलायला दिले आणि मिश्रण गार झाल्यावर लाडू वळायला. वळता वळता ती सांगू लागली की आजी लाडवावर बेदाणा लावताना एक तिच्या तोंडात टाकायची. आई रडली. छकुलीनं विचारलं, ‘तुला पण आठवली?’ आई ‘हो’ म्हणाली. आपण रडलो तर मूल घाबरेल, म्हणून घरची माणसं न्हाणीघरात जाऊन रडतात. मुलाला तेवढंही कळतं, आणि आजीचं नाव घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ ते लावतं.

बाहुलीला आडवं करून, वर फुलं टाकून छकुली काही दिवस ‘आजी गेली’ असा खेळ खेळायची. घरच्यांना ते अभद्र वाटलं. तो खेळ थांबवू नये. जे समोर घडलं ते हातात घेऊन, लहान करून बघण्याची मुलांची हीच रीत आहे. रोज तोच खेळ महिनोन् महिने, एकाच चेहऱ्यानं चालू राहिला, तर मात्र लक्ष द्यावं.

आता भेटवस्तूकडे येते. मामेबहिणीच्या साड्या वाटून टाकायचं ठरत होतं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, असं काही घरांत मानतात, त्यामुळे मोठ्यांना आधी विचारणं गरजेचं. आम्ही थोरल्या काकांना विचारलं, त्यांनी होकार दिला. मग छकुलीला विचारलं. हे विचारणं मी सर्वांत महत्त्वाचं मानते, कारण काही मुलांना आजीची साडी कापलेली सहनच होत नाही. अशा वेळी साडी अखंड घडी करून उशाशी द्यावी. छकुलीनं स्वतः एक साडी निवडली, आणि कापायची नाही म्हणून दुसरी एक वेगळी काढून ठेवली.

तिनं निवडली ती घरात नेसून मऊ झालेली सुती पाचवारी. गोधडीला अशीच हवी. नायलॉनचे थर एकमेकांवरून सरकतात, रेशमाला टाके ओढ देतात आणि दोन्ही उकाड्यात अंगावर नको होतात. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. एकेक वाराचे, म्हणजे 36 इंचांचे पाच तुकडे केले की पाच थर होतात आणि एका साडीत सहा वर्षांच्या मुलाला पुरेल अशी 36 बाय 45 इंचांची गोधडी निघते. पदराचा तुकडा वरच्या थराला घ्यायचा, विरलेले भाग मधल्या थरांत. आजोबांचं धोतर, लुंगी किंवा सदरे असले तरी हीच रीत, फक्त सदऱ्यांचे तुकडे आधी जोडून घ्यावे लागतात.

थर नीट अंथरून, सुरकुत्या काढून आधी मोठ्या टाक्यांनी चारी बाजू आणि मध्य पक्का करून घ्यायचा. मग कडेपासून आत येत धावदोरा घालायचा, दोन ओळींत इंच-दीड इंच अंतर ठेवून. घाईनं मध्येच सुरुवात केली की कापड फुगतं आणि कडेला वाकडं होतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून पाच थरांतून सुई जात नाही, आणि टोकदार सुई त्याच्या हाती द्यायचीही नसते. म्हणून छकुलीला मॅटीचा वीतभर तुकडा आणि बोथट टोकाची जाड सुई दिली. मॅटीची वीण मोकळी असल्यानं तिचे टाके सहज पडले. तिनं आजीचा चष्मा काढला, दोन गोल आणि मध्ये एक रेघ, आणि भरला लाल दोऱ्यानं. मी काहीच सुचवलं नव्हतं. तो तुकडा तिच्या आईनं गोधडीच्या एका कोपऱ्यात शिवला.

एक गोष्ट मात्र आजीचे कपडे धुण्याआधीच करायची. तिचा न धुतलेला रुमाल किंवा पोलकं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्यायचं. वास सगळ्यात आधी जातो आणि मुलांना तोच सर्वांत जास्त हवा असतो. डबा सारखा उघडला तर वास लवकर उडतो, हे मुलाला सांगून ठेवावं.

गोधडीनं रात्री लगेच सुधारल्या नाहीत. पहिल्या रात्री छकुलीनं ती पायानं लोटली. आईनं ती घडी करून खुर्चीवर ठेवली, काही बोलली नाही. दिलेल्या वस्तूचं मुलानं कौतुक करावं, ही अपेक्षा ठेवली की ती वस्तू त्याच्यावर ओझं होते. पुढे एका रात्री तिनं ती स्वतः ओढून घेतली. आता कधी पांघरते, कधी तिचा तंबू करून आत बसते.

गोधडी, लाडू, खेळ यांनी भागत नाही, अशीही मुलं असतात. ‘मला आजीकडे जायचंय’ हे वाक्य मूल पुन:पुन्हा म्हणू लागलं, खाणं-झोप बरेच आठवडे विस्कटलेलीच राहिली, खेळावरून मन पार उडालं, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकांना दाखवावं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे पालकही बोलू शकतात.

जूनमध्ये छकुली पहिलीत जाईल. वर्गशिक्षिकेला आधीच सांगायचं असं तिच्या आईनं ठरवलंय, कारण हल्ली शाळांत आजी-आजोबा दिवस होतो आणि त्या दिवशी प्रत्येक मुलानं कुणाचा तरी हात धरून यायचं असतं. छकुलीला काही दिवस आधी विचारतील: माझ्याबरोबर यायचं, आजीचा फोटो न्यायचा, की घरी राहायचं. ती सांगेल तसं करतील, आणि तिनं आदल्या रात्री मत बदललं तरी चालेल.