एकशे चौदा अर्जांतील एक अर्ज

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात नोकरभरतीसाठी एक कंपनी आली होती. गोदामांतील मालाची मोजदाद करणे व साठ्याचे हिशेब तपासणे हा तिचा व्यवसाय. जागा पाच, अर्ज एकशे चौदा. प्लेसमेंट समितीचा एक सभासद या नात्याने ते अर्ज लावून ठेवण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले आणि त्या निमित्ताने ते सगळे एका बैठकीत वाचण्याचा योग आला. नव्वदांहून अधिक अर्जांचे पहिले वाक्य अक्षरशः एकच होते. अर्जदार कष्टाळू होता, प्रामाणिक होता, नवे शिकण्यास उत्सुक होता आणि कंपनीच्या उत्कर्षात आपला वाटा उचलण्याची त्याची मनीषा होती. दोघांनी तर आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या कंपनीचे नाव तसेच राहू दिले होते.

यात मुलांना हसण्याजोगे काही नाही. नमुना पत्र आमच्याच समितीने फलकावर लावले होते.

त्या गठ्ठ्यात एका मुलीचे पत्र होते. तेही आधी नमुन्याबरहुकूमच लिहिलेले. ही मुलगी पहिल्या तासाला हमखास उशिरा येई, म्हणून ती मला ठाऊक होती. पत्र परत देताना मी सहज विचारले, ‘‘रोज उशीर का होतो?’’ ती म्हणाली, ‘‘सर, सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर रजिस्टर लिहिते, मग एस.टी. धरते.’’ हे पत्रात का नाही, असे विचारल्यावर ती ओशाळली. ‘‘ते काय लिहायचं सर? ते घरच्यासारखंच काम.’’ मी आणखी खोदून विचारले, तेव्हा हळूहळू एक हकीकत बाहेर आली आणि नमुन्यातील पहिल्या परिच्छेदाच्या जागी तिने ती तीन वाक्यांत लिहिली.

हकीकत अशी. केंद्रावर सभासदांचे दूध मापाने, म्हणजे लिटरमध्ये घेतले जाई. संघाकडून येणारी पोच मात्र वजनाची, म्हणजे किलोची असे. एके दिवशी केंद्रावर ६१२ लिटर जमा झाले आणि पोच ६१८ ची आली. वहीत सहा शिल्लक दिसले व सारे खूश झाले. परंतु दूध पाण्याहून किंचित जड असते. एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते. म्हणजे ६१२ लिटरचे ६३० किलो व्हावयास हवे होते. जिथे सहा शिल्लक दिसत होते, तिथे वस्तुतः बारा किलोंची तूट होती, आणि तीही रोजची. ही गोष्ट या मुलीने वहीच्या समासात हिशेब मांडून पकडली होती.

कंपनीच्या अधिकाऱ्याने गठ्ठा चाळला. एकेका पत्रावर त्याची नजर किती काळ टिकत होती हे मी पाहत होतो. बहुतेक पत्रे त्याने उलटलीच. या पत्रापाशी तो थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, हिला आधी पाठवा.’’ मुलाखतीत त्याने एकच गोष्ट धरून ठेवली : बारा किलो गेले कुठे? तिने सांगितले की ताज्या दुधावर फेस असतो आणि घाईत तो फेसही मापात धरला जातो. काही दूध फॅटच्या तपासणीसाठी नमुन्यात जाते, काही कॅनच्या कडांना राहते. आठ दिवस फेस बसू देऊन तिने माप घेतले, तेव्हा तूट पाच किलोंवर आली. ‘‘आणि उरलेले पाच?’’ ‘‘त्यांचा पत्ता मला लागला नाही.’’ माझ्या मते तिची निवड याच उत्तराने पक्की झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुना परिचित विचार दिसेल. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली नोकरीच्या बाजारातील संकेतांचा सिद्धांत मांडला. २००१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना अ‍ॅकरलॉफ व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. मालकाला उमेदवाराचा वकूब बाहेरून दिसत नाही, म्हणून तो एखाद्या खुणेवर भिस्त ठेवतो. पण खूण उपयोगी पडावयाची तर ती ज्याच्या अंगी गुण आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्या अंगी नाही त्याला महाग पडली पाहिजे. ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य लिहावयास प्रामाणिकाला व लबाडाला सारखेच, म्हणजे काहीच, पडत नाही. त्यामुळे ते वाचून वाचणाऱ्याचे ज्ञान तसूभरही वाढत नाही. लिटर-किलोच्या घोळाची गोष्ट त्या मुलीला फुकट लाभली होती. न केलेल्याला मात्र ती दुसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकवता आली नसती.

आणखी एक गोष्ट. हीच तीन वाक्ये विमा विकणाऱ्या कंपनीला पाठवली असती तर त्यांचे वजन निम्मेही राहिले नसते. साठ्याची तूट शोधणे हेच ज्याचे काम, त्याच्यासाठीच तो तपशील बोलका. तपशील निवडणे म्हणजे एका अर्थी मालकही निवडणे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६ पासून अर्थशास्त्राच्या नव्या उमेदवारांना आपली विशेष इच्छा कळविण्याची सोय करून दिली, पण प्रत्येकाला दोनच विद्यापीठ-विभागांना कळविता येईल असे बंधन घातले. वीस जणांना कळविलेली विशेष इच्छा कोण विशेष मानील? पत्रात पाच-सहा पराक्रम कोंबणाऱ्या मुलांना मी एकच ठेवावयास सांगतो, ते याच कारणाने.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अनेक कंपन्या गुणांच्या टक्क्यांची चाळणी आधी लावतात; तिच्याखाली राहिलेल्याचे पत्र कोणी उघडत नाही, मग त्यात काहीही असो. शिवाय मुलाखत घेणाराच जर नमुन्यातील प्रश्न विचारणारा निघाला, तर खरा तपशील व रचलेला तपशील यांत फरक उरत नाही. तपशिलाची परीक्षा होते ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला. तो प्रश्नच आला नाही, तर रचणाऱ्याचे फावते.

माझा आक्षेप आहे तो आम्हा शिक्षकांवर. पैसे भरून मिळवलेले पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मुले पत्रात अभिमानाने लिहितात, कारण त्याला आम्ही ‘अनुभव’ म्हणतो. बापाच्या किराणा दुकानाची उधारीची वही तीन वर्षे सांभाळणारा मुलगा ती गोष्ट लपवतो, कारण तिला आम्ही काहीच म्हणत नाही. नमुना पत्र सर्वांना समान संधी देते असा युक्तिवाद समितीत नेहमी होतो. प्रत्यक्षात ते ज्याच्यापाशी दाखवावयास दुसरे काही नाही, त्याची एकमेव चीज पुसून टाकते. एकेका मुलासमोर दहा मिनिटे बसून, ‘तू रोज काय मोजतोस, काय लिहितोस, कधी काय जुळले नाही?’ एवढे विचारणे अधिक न्याय्य होय. एकशे चौदा मुलांना एकोणीस तास लागतील. समितीवर आम्ही सहा जण आहोत.

त्या मुलीच्या निवडीची बातमी पसरली. यंदा आलेल्या अर्जांत नऊ जणांच्या गावी दुधाची तूट निघाली. त्यांपैकी एक मुलगा डोंबिवलीचा होता. दुधाला फेस का येतो याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. मी समितीत भांडून नमुना पत्र फलकावरून काढविले. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते पाच रुपयांना मिळत होते, दुधाच्या परिच्छेदासह.