अम्मीच्या न्हाणीघराचं दार

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. फजरच्या वुजूसाठी अम्मी न्हाणीघरात गेल्या आणि आत धप्पकन आवाज झाला. मी धावत गेले, दार ढकललं, पण ते चार बोटं उघडून अडलं. दार आत उघडणारं आणि त्याच्यामागेच अम्मी पडलेल्या. जोर लावावा तर पाला त्यांच्या कमरेला लागतो, लावू नये तर आत जाता येत नाही. शेवटी त्याच कशाबशा सरकल्या तेव्हा मला आत शिरता आलं. हाड मोडलं नव्हतं. पण आमचे भाऊसाहेब त्याच दिवशी म्हणाले, "बाजी, हे दार आधी काढा."

नंदुरबारच्या जुन्या वस्तीतल्या घरांत जागा किती असते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. अम्मींची खोली आठ बाय दहाची. दार बाहेर उघडणारं केलं तर पाला पलंगाला लागतो आणि वॉकर फिरवायला जागा उरत नाही. मग सरकतं दार सुचलं.

त्याचे दोन प्रकार. एकात पाला भिंतीच्या पोटात शिरतो. दिसायला तो सुरेख, पण त्याला पोकळ भिंत लागते. विटांची उभी भिंत असेल तर ती पाडून दुहेरी करावी लागते आणि त्या भागात नळ किंवा विजेची पाईप असून चालत नाही. नवीन घर बांधणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा, मात्र वरची पट्टी स्क्रू काढून उघडेल अशीच ठेवायला सांगावी. नाहीतर चाक बिघडलं की भिंत फोडायची पाळी. आम्ही दुसरा प्रकार घेतला. भिंतीवर बाहेरून लोखंडी रूळ लावायचा, त्यावर दोन चाकं आणि चाकांना टांगलेला पाला. मिरचीच्या गोदामाला असतं तसंच, फक्त लहान.

पहिल्यांदा ते चुकलं. कारागिराने रूळ आणला, भिंतीला भोकं पाडली, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून स्क्रू आवळले आणि दोन तासांत काम संपवलं. दार मस्त चालायचं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर दार पूर्ण उघडलं की खालचा कोपरा फरशीला घासतो, बंद करताना मात्र घासत नाही. रुळाखाली रोज सकाळी प्लॅस्टरची पांढरी भुकटी सांडलेली. मी स्टुलावर चढून रूळ हलवला तर एका टोकाला तो हातात येत होता.

मग ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "रूळ चांगला आहे. रूळ कशाला धरून आहे, ते बघा." आमच्या न्हाणीघराचं तोंड तीस इंचांचं. त्यावर काँक्रीटचा लिंटेल आहे, पण तो तोंडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचच भिंतीत शिरलेला. सरकतं दार दिवसभर उघडंच असतं, म्हणजे पाला तोंडाच्या बाजूला उभा. तिथे अडीच फूट रूळ निव्वळ साडेचार इंची विटांच्या भिंतीवर होता. बंद दाराचं वजन काँक्रीट पेलत होतं, उघड्याचं वजन मात्र प्लॅस्टर आणि दोन विटांमधला सांधा. त्यात पाला भिंतीपासून दोन इंच पुढे टांगलेला, म्हणून तो नुसता खाली ओढत नाही, स्क्रूला बाहेरही खेचतो.

पाल्याचं वजन किती, हे कोणीच पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी भाऊसाहेबांना वजनकाट्यावर उभं केलं, आधी नुसतं, मग पाला कवेत घेऊन. फरक निघाला ३३ किलो. पाला न्हाणीघरासाठी म्हणून पाण्याने न फुगणाऱ्या डब्ल्यूपीसीचा, ३० मिलिमीटर जाड, चौतीस बाय ऐंशी इंचांचा. मिस्त्रींचा हिशेब असा, की रूळ आणि चाकं वजनाच्या दुप्पट तरी पेलणारी घ्यावीत, कारण मुलं दाराला लोंबकळतात आणि कधी कोणी धाडकन लोटतं. दुकानात रुळावर किलोचा आकडा लिहिलेला नसेल तर विचारावा. दुकानदाराला सांगता आला नाही तर दुसरं दुकान.

मग त्यांनी सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड अशी सागवानी फळी भिंतीवर आडवी बसवली. लिंटेलमध्ये तीन अँकर बोल्ट आवळले. विटांच्या भागात मात्र अँकर ठोकलाच नाही, कारण तो फुगून वीट फोडतो. तिथे तीन बोल्ट भिंतीच्या आरपार, पलीकडे स्वयंपाकघरात तीन इंची लोखंडी चौकोनी पट्ट्यांवर नट. त्या पट्ट्या मसाल्याच्या फडताळाच्या वर दिसतात. भाभीने त्यांना रंग दिला आणि विषय संपला. रूळ त्या फळीवर आला. फळीमुळे पाला प्लॅस्टरपासून सुटला आणि भिंतीला घासायचा थांबला. रूळ समपातळीत आहे का हे पाण्याच्या नळीने तपासलं, मग दार मधोमध सोडून पाहिलं. जिथे सोडलं तिथे थांबलं. आपोआप सरकलं असतं तर एक टोक खाली आहे असं समजायचं.

खालच्या खुणेकडे पहिल्या कारागिराने लक्षच दिलं नव्हतं. टांगलेलं दार खालून मोकळं असेल तर झोक्यासारखं हलतं, भिंतीला आपटतं आणि चाकं रुळावर तिरपी होतात. त्यासाठी पाल्याच्या खालच्या कडेला लांबीभर खाच काढतात आणि फरशीवर एक छोटा उभा तुकडा बसवतात, जो त्या खाचेत राहतो. खाच तुकड्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद हवी, घट्ट असेल तर दार अडखळतं. लाकडी पाला असेल तर खाच काढल्यावर आतूनही रंग द्यायला विसरू नका. पावसाळ्यात तेवढीच उघडी जागा पाणी पिते आणि खाच फुगून बंद होते.

तुकडा कुठे बसवायचा, तर तोंडाच्या मधोमध कधीच नाही, तिथे पाय आणि वॉकर अडकेल. पाला ज्या बाजूला सरकतो त्या बाजूला, तोंडाच्या कडेला लागून. पाला तोंडापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त ठेवतात ते निव्वळ आडोशासाठी नव्हे. दार बंद झालं तरी या दोन इंचांमुळे तुकडा खाचेतून सुटत नाही. फरशीला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर टाईल तडकते. भोकात सिलिकॉन भरून मगच स्क्रू बसवावा. फरशीला हात लावायचाच नसेल तर भिंतीला लावायचा एल आकाराचा तुकडाही मिळतो.

रुळाच्या दोन्ही टोकांना अडसर हवेत आणि चाकांवर उडी-रोधक चकत्या. नाहीतर जोरात लोटल्यावर पाला रुळावरून उतरून अंगावर येतो. हँडल पाल्यात बुडीत असावं. बाहेर आलेलं असेल तर ते तोंडाच्या कडेला अडतं, दार तीन इंच कमी उघडतं, आणि आमचा वॉकर तर पंचवीस इंचांचा.

या दारात उणीव आहे आणि ती आधीच मान्य करावी. पाला आणि भिंत यांच्यात फट राहते. तिथून आवाज आणि वास दोन्ही येतात. पाहुण्यांच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराला मी हे दार सुचवणार नाही. आमच्याकडे ते अम्मींच्याच खोलीत उघडतं, म्हणून चाललं. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घेतली.

आता अम्मी आत गेल्या की मी बाहेरून दार ओढून बघते, अडत तर नाही ना. त्या चिडतात. "अगं, वुजू करतेय मी!" दर दोन महिन्यांनी भाऊसाहेब स्वयंपाकघरातले तीन नट पान्याने आवळून बघतात. परवा एक अर्धा आटा फिरला.